हवेचं मशीन घेताना : खोली केवढी, फिल्टर कोणता, खर्च किती

आजचा विषय शहरातल्या घराचा आहे, पण प्रश्न आपल्याच एका गटातून आला आहे. एका ताईंनी पत्रात लिहिलंय की त्यांची मुलगी ठाण्याला सातव्या मजल्यावर राहते. घर लहान, एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. नातू चार वर्षांचा आहे. दिवाळी झाली की त्याची छाती वाजायला लागते. डॉक्टरांनी बालदमा सांगितलाय आणि इन्हेलर चालू आहे. आता जावई म्हणतात की हवा शुद्ध करणारं मशीन, म्हणजे एअर प्युरिफायर, घेऊ या. दुकानात सहा हजारापासून चाळीस हजारापर्यंत मशीन दाखवतात आणि प्रत्येक दुकानदार आपलंच चांगलं म्हणतो. ताईंना गटातून कर्ज काढून मुलीला मदत करायची आहे. त्या विचारतात, कर्ज काढायचं तर किती रुपयांचं, आणि ते मशीन खरंच उपयोगाचं असतं का?

उपयोगाचं असतं, पण ते खोलीच्या मापाचं असेल तरच. दुकानात नेमकी हीच गोष्ट कुणी समजावून सांगत नाही, म्हणून आज तेवढंच नीट पाहू.

आधी त्रास कशाचा आहे ते बघू. मुंबई-ठाण्याकडे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी वारा मंदावतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन तिथेच बसून राहते. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कचरा जाळल्याचा धूर, सगळं त्या हवेत अडकतं. डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातच अडते, तिची एवढी भीती नाही. भीती आहे ती अडीच मायक्रॉनपेक्षाही बारीक कणांची. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे हे कण केसाच्या विसाव्या भागाहूनही बारीक. ते थेट छातीत खोल जातात आणि दम्याच्या मुलाच्या श्वासनळ्या सुजवतात. प्युरिफायरचं काम म्हणजे हे कण खोलीतून काढणं, एवढंच. तो हवा गार करत नाही, ताजी करत नाही, आणि इन्हेलरची जागा तर मुळीच घेत नाही. मशीन आलं म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध बंद केलं, असं कुणाकडेही होऊ देऊ नका.

आता मशीनच्या आत काय असतं ते पाहू. झाकण उघडलं की बहुतेक मशीनमध्ये तीन थर दिसतात. बाहेर एक जाळी असते, तिच्यावर केस, कापसाचे तंतू आणि मोठी धूळ अडते. त्याच्या आत पांढऱ्या कागदासारखा, घड्या घड्या घातलेला फिल्टर असतो. तोच खरा कामाचा. त्याला हेपा म्हणतात. त्यानंतर काळा थर असतो, तो कार्बनचा, म्हणजे एका प्रकारच्या कोळशाचा.

हेपा फिल्टर पिठाच्या चाळणीसारखा चालतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. त्याच्या तंतूंमधली भोकं कणांपेक्षा मोठी असतात. तरी कण अडकतात, कारण हवा त्या तंतूंच्या गचपणातून वळणं घेत जाते आणि कण तंतूंना धडकून चिकटून बसतात. आपण पावसाळ्यानंतर माळावरच्या वाळल्या गवतातून चाललो की पदराला कुसळं चिकटतात ना, तसंच. आणि एकदा चिकटलेलं कुसळ झटकून जात नाही, तसा हेपामधला कणही झटकून जात नाही. म्हणून हा फिल्टर धुवायचा नसतो. पाणी लागलं की त्याचे तंतू बिघडतात. दिसायला तो स्वच्छ दिसेल, पण काम गेलेलं असेल. धुवायची किंवा ब्रशने झाडायची ती फक्त बाहेरची जाळी, दर पंधरा दिवसांनी.

खोक्यावर "हेपा एच तेरा" किंवा "ट्रू हेपा" असं लिहिलेलं असेल तर ठीक. एच तेरा म्हणजे पकडायला सगळ्यांत अवघड अशा आकाराच्या कणांतलेसुद्धा शंभरातले ९९.९५ पकडणारा फिल्टर. "हेपा टाइप", "हेपासारखा" असं लिहिलेलं असेल तर त्या शब्दांना काही माप नाही, ते सोडून द्या. पण ९९.९५ आणि ९९.९७ यांच्यात दुकानदार जो फरक सांगतो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. एका फेरीत सुटलेला कण पुढच्या फेरीत सापडतो. फेऱ्या किती होतात हे जास्त महत्त्वाचं, आणि तिकडे आपण येणारच आहोत.

काळा कार्बनचा थर वासासाठी असतो. फोडणीचा, रंगाचा, थोडाफार धुराचा वास तो शोषतो. बहुतेक मशीनमध्ये तो अगदी पातळ असतो आणि काही महिन्यांत भरून जातो. असला तर असू द्या, पण नातवाच्या छातीचं काम तो करत नाही.

चौथी एक गोष्ट पुष्कळ मशीनमध्ये घालतात, तिला आयोनायझर म्हणतात. त्यातून ओझोन नावाचा वायू थोडा तरी निघू शकतो, आणि ओझोन दम्याच्या माणसाच्या श्वासनळीला चिडवतो. घरात दमेकरी असेल तर आयोनायझर नसलेलं मशीन घ्यावं, किंवा तो बटणाने बंद करता येतो ना, हे दुकानातच पाहून घ्यावं. हजार-दोन हजारात मिळणारी, भिंतीच्या प्लगमध्ये खोचायची, पंखा नसलेली छोटी यंत्रं असतात, ती नुसती आयोनायझरच असतात. ती घेऊच नका. ज्या मशीनमध्ये हवा ओढणारा पंखा नाही आणि बदलायचा फिल्टर नाही, ते खोलीतले कण कसे काढणार?

आता मुख्य गोष्ट, खोलीचं माप. इथे आपल्याला विहिरीचं उदाहरण पुरेल. विहीर उपसायला मोटार लावली, पण विहिरीला पाझर जोराचा असला आणि मोटार लहान असली तर पाण्याची पातळी हलत नाही. मोटार रात्रभर चालते, बिल येतं, पाणी तिथल्या तिथे. खोलीचंही तसंच आहे. दार-खिडक्या लावल्या तरी फटींतून बाहेरची हवा पाझरत असते. मशीनने त्या पाझरापेक्षा बऱ्याच वेगाने हवा गाळली तरच खोलीतले कण कमी होतात. ढोबळ नियम असा की तासाला निदान पाच वेळा खोलीभर हवा मशीनमधून जायला हवी.

मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं, याचा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात असतो. इंग्रजीत सी, ए, डी, आर अशी चार अक्षरं असतात आणि पुढे आकडा, घनमीटर दर तासाला असा. मोटारीचा अश्वशक्तीचा आकडा न बघता ती मिनिटाला किती लिटर पाणी फेकते हे बघावं, तसा हा आकडा. फिल्टर किती पकडतो आणि पंखा किती ओढतो, दोन्ही त्यात आलेलं असतं. म्हणून फिल्टरची स्तुती ऐकण्यापेक्षा हा आकडा विचारा. तो सांगता येत नसेल तर ते मशीन बाजूला ठेवा.

ताईंच्या मुलीची बेडरूम दहा फूट बाय बारा फूट आहे, म्हणजे १२० चौरस फूट. उंची साडेनऊ फूट धरली तर खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा मावते. तासाला पाच वेळा म्हणजे १६० घनमीटर. एवढा हिशेब दुकानात उभ्या उभ्या जमत नाही, म्हणून सोपी युक्ती लक्षात ठेवा. खोलीचे चौरस फूट घ्या आणि त्याची दीडपट करा. १२० ची दीडपट १८०. थोडं जास्त येतं, ते बरंच आहे, कारण फिल्टर भरत जातो तसा मशीनचा जोर कमी होतो.

मग १८० आकड्याचं मशीन घ्यायचं का? नाही, आणि इथेच बहुतेक घरं फसतात. तो आकडा मशीनचा पंखा सगळ्यांत जोरात असतानाचा असतो. त्या वेगाला आवाज एवढा होतो की उशाशी ठेवून मूल झोपत नाही. मग आई काय करते? पंखा मधल्या किंवा सगळ्यांत हळू वेगावर आणते. मधल्या वेगाला स्वच्छ हवा निम्म्यावर येते, हळू वेगाला त्याहूनही कमी. म्हणजे १८० चं मशीन रात्रभर ९० चं काम करतं आणि पाझर जिंकतो. म्हणून झोपायच्या खोलीसाठी आकडा दुप्पट धरायचा. ताईंच्या मुलीसाठी ३२० ते ३६० च्या आसपासचं मशीन हवं, म्हणजे मधल्या वेगावर शांतपणे चालूनही काम पुरं होईल.

खोक्यावर कंपनी "इतक्या चौरस फुटांसाठी" असंही छापते. तो आकडा मोठा दिसावा म्हणून कमी फेऱ्या आणि बुटकी खोली धरलेली असते. २५० आकड्याच्या मशीनवर "३२० चौरस फुटांपर्यंत" असं छापलेलं सापडेल. आपल्या दीडपटीच्या हिशेबाने तेच मशीन पूर्ण जोरात १६५ चौरस फुटांना पुरतं आणि रात्रीच्या मधल्या वेगावर ८० चौरस फुटांना. खोटं छापलेलं असतं असं नाही. कंपनीने तासाला तीन-साडेतीन फेऱ्या धरल्या, आपण पाच धरतो, शिवाय छत आपलं उंच, एवढाच फरक आहे. पण छातीचा त्रास आपल्या नातवाला आहे, तेव्हा हिशेबही आपलाच धरायचा.

जावयांना वाटत होतं की हॉलमध्ये एक मोठं मशीन ठेवलं की सगळं घर स्वच्छ होईल. तसं होत नाही. दार लावलं की बेडरूमची हवा वेगळी, आणि दार उघडं ठेवलं तर हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी सगळ्यांचा पाझर त्या एका मशीनवर. दोन मशीनही नकोत. मूल रात्रीचे नऊ-दहा तास एकाच खोलीत असतं. ती एक खोली नीट सांभाळली तर दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ सांभाळला. मशीन भिंतीपासून हातभर दूर, पडद्यामागे नाही, पलंगाखाली तर नाहीच.

आता खर्च. मशीनची किंमत एकदाच द्यायची असते, फिल्टर मात्र पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न मशीनच्या किमतीचा करू नका. विचारा, "याचा नवा फिल्टर कितीला, किती तास चालतो, आणि तीन वर्षांनी मिळेल का?" फिल्टर दुसऱ्या मशीनचा बसत नाही. कंपनीने ते मशीन बंद केलं आणि फिल्टर मिळेनासा झाला की उरतो तो नुसता पंखा.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण बाजारात असेच फरक दिसतात. पहिलं मशीन सात हजारांचं. त्याचा फिल्टर तीन हजारांचा आणि १,५०० तास चालणारा. दुसरं मशीन बारा हजारांचं, फिल्टर अडीच हजारांचा आणि ३,००० तास चालणारा. मुलगी नोव्हेंबर ते मार्च, पाच महिने, रोज दहा तास मशीन लावेल. म्हणजे एका हिवाळ्यात १,५०० तास. पहिल्या मशीनला दर हिवाळ्याला एक फिल्टर लागेल. पहिला मशीनबरोबर येतो, म्हणून पाच हिवाळ्यांत चार विकत घ्यावे लागतील, त्यांचे बारा हजार. मशीन धरून एकोणीस हजार. दुसऱ्याला पाच हिवाळ्यांत दोनच फिल्टर, पाच हजार. मशीन धरून सतरा हजार. दुकानात पाच हजारांनी स्वस्त दिसलेलं मशीन पाच वर्षांत दोन हजारांनी महाग पडलं. त्यात सात हजारांच्या मशीनचा हवेचा आकडाही सहसा लहानच असतो.

विजेची मात्र काळजी नको. मशीन सरासरी ३० वॅट घेतं असं धरा. छताचा साधा पंखा ७०-७५ वॅट घेतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी. १,५०० तासांचे ४५ युनिट होतात. शहरात युनिटला दहा रुपये धरले तर अख्ख्या हिवाळ्याचे साडेचारशे रुपये. वीज वाचते म्हणून चार हजार जास्त मागणाऱ्या दुकानदाराला हाच हिशेब दाखवा.

म्हणजे ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. आज त्या मापाचं मशीन साधारण दहा ते पंधरा हजारांच्या दरम्यान मिळतं. चाळीस हजारांच्या मशीनमध्ये जास्तीचे पैसे मोबाईलवरून चालवणं, रंगीत पडदा, अशा गोष्टींचे असतात किंवा मोठ्या हॉलच्या मापाचे असतात. बारा हजारांच्या वर कर्ज काढू नका, आणि पुढच्या फिल्टरचे पैसे मुलीने दरमहा शंभर-दीडशे बाजूला टाकून जमवावेत. कर्ज मशीनसाठी एकदा ठीक आहे. फिल्टरसाठी पुन्हा पुन्हा कर्ज काढायची वेळ आली तर फिल्टर बदललाच जात नाही, आणि भरलेला फिल्टर घालून मशीन नुसतं गुणगुणत राहतं.

मशीन घरी आल्यावर पहिलं काम, मागचं झाकण काढून फिल्टरवरची प्लॅस्टिकची पिशवी काढली आहे का ते बघणं. हसू नका. नवा फिल्टर पिशवीत बंद करूनच आत बसवलेला असतो आणि ती तशीच ठेवून महिनोन्महिने मशीन चालवणारी घरं आहेत. दिवा लागतो, पंखा फिरतो, सगळं ठीक वाटतं, पण हवा फिल्टरमधून जातच नाही.

दुसरं काम, परत करायची मुदत संपायच्या आत परीक्षा घेणं. बाहेरची हवा वाईट असेल अशा दिवशी दार-खिडक्या लावायच्या आणि मशीन पूर्ण जोरात अर्धा तास चालवायचं. आकडा दाखवणारं मशीन असेल तर सुरुवातीचा आकडा लिहून ठेवायचा. खोलीच्या मापाचं मशीन असेल तर अर्ध्या तासात तो पाव हिश्श्यावर यायला हवा. निम्म्यावरच अडकला तर एक तर खिडकीला मोठी फट आहे, नाही तर मशीन लहान आहे. खिडकीच्या सरकत्या काचेच्या फटीला फोमची पट्टी चिकटवून पुन्हा पाहायचं. एक मात्र ध्यानात घ्या. मशीनवरचा आकडा मशीनच्या अंगाशी असलेल्या हवेचा असतो, आणि तिथली हवा आधी स्वच्छ होते. उशापाशी तेवढी स्वच्छ नसेल. छताचा पंखा हळू लावला की हवा सगळीकडे सारखी फिरते.

तिसरी गोष्ट मशीनची नाही, पण तिच्यावाचून मशीनचे पैसे वाया जातात. त्याच खोलीत डासांची कॉइल लावायची नाही. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण शंभराच्या आसपास सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं शास्त्रज्ञांनी मोजलेलं आहे. विहीर उपसताना वरून टँकर ओतण्यातला हा प्रकार. मच्छरदाणी लावा. उदबत्ती आणि धूप हॉलमध्ये, बेडरूमचं दार लावून. फोडणी देताना स्वयंपाकघराचा पंखा चालू आणि बेडरूमचं दार बंद.

आणि खोली चोवीस तास बंदही ठेवायची नाही. आपल्या श्वासाने हवा कोंदते, ते प्युरिफायरला काढता येत नाही. हिवाळ्यात सकाळी धुकट हवा खाली बसलेली असते, दुपारी ऊन तापलं की ती वर उठते आणि वारा सुटतो. म्हणून खिडक्या दुपारी तासभर उघडाव्यात, पहाटे नाही. मोबाईलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" नावाचं ॲप आहे, त्यात जवळच्या केंद्रावरचा हवेचा निर्देशांक दिसतो. शंभराच्या आत असेल तर खिडकी उघडी, मशीन बंद. दोनशेच्या वर असेल तर त्या दिवशी खिडकी थोडा वेळच उघडायची आणि मुलाला खेळायला बाहेर कमी सोडायचं.

फिल्टर कधी बदलायचा? बरीच मशीन नुसते तास मोजून लाल दिवा लावतात, फिल्टर खरंच भरलाय की नाही हे त्यांना कळत नाही. समोर रस्त्याचं किंवा बांधकामाचं काम चालू असेल तर तो लवकर भरेल. घड्यांच्या आतपर्यंत काळा पडला असेल, हवा मंद येत असेल, किंवा अर्ध्या तासाच्या परीक्षेत आकडा पूर्वीसारखा उतरत नसेल, तर दिवा लागला नसला तरी बदला. आणि पांढराच दिसत असेल, परीक्षाही पास होत असेल, तर दिवा लागल्या लागल्या तीन हजार टाकायची घाई नको. जुना फिल्टर काढताना झटकायचा नाही. मूल दुसऱ्या खोलीत असताना काढून पिशवीत गुंडाळायचा, तोंड बांधायचं आणि कचऱ्यात द्यायचा.

पावसाळ्यात ठाण्याची हवा धुऊन निघते, तेव्हा मशीन बंद असतं. पण दमट हवेत फिल्टरला बुरशीचा वास धरतो. एप्रिलमध्ये मशीन आवरताना फिल्टर कोरडा असल्याची खात्री करून प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवावा आणि दिवाळीआधी काढून हुंगून पाहावा. कुबट वास आला तर तो पुन्हा वापरायचा नाही. आणि पिशवीतून काढून बसवायला विसरायचं नाही.